नऊ तालुक्यांचा ल्यूरसाठा एका गोदामात: सुरक्षा साठा किती घटतो आणि कोठे घटत नाही

कापसाच्या हंगामात गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यांसाठी लागणाऱ्या ल्यूरचा पुरवठा पाहणाऱ्यांना एक विरोधाभास दरवर्षी दिसतो. एका तालुक्यातील विक्री केंद्रात ल्यूर संपलेले असतात आणि शेतकरी रिकाम्या हाताने परततात. त्याच आठवड्यात तीस-चाळीस किलोमीटरवरील दुसऱ्या तालुक्यात पाकिटे पडून असतात. हंगाम संपल्यावर या दुसऱ्या केंद्रातील माल शिल्लक राहतो आणि पुढील वर्षी तो प्रभावी राहील याची खात्री कोणी देत नाही. जिल्ह्यात एकूण ल्यूर पुरेसे होते. ते योग्य ठिकाणी नव्हते.

यावर सुचवला जाणारा उपाय म्हणजे तालुक्यांचा साठा एकत्र करून जिल्ह्याच्या एका गोदामात ठेवणे. त्याच्या समर्थनार्थ पुरवठा-व्यवस्थापनातील ‘वर्गमूळाचा नियम’ सांगितला जातो: नऊ ठिकाणचा साठा एका ठिकाणी आणला तर सुरक्षा साठा नवांश नव्हे, पण एक-तृतीयांश होतो, कारण नऊचे वर्गमूळ तीन. डेव्हिड मेस्टर यांनी १९७६ मध्ये हा नियम याच नावाने मांडला आणि गॅरी एपेन यांनी १९७९ मध्ये अनेक ठिकाणच्या अनिश्चित मागणीच्या संदर्भात त्याचे गणिती विवेचन केले. नियम खरा आहे; मात्र तो ज्या अटींवर उभा आहे त्या किडींच्या बाबतीत सहज पाळल्या जात नाहीत. म्हणून तो कोठून येतो हे आधी समजून घेणे आवश्यक ठरते.

मागणी एवढी का हलते

केवळ निरीक्षणासाठी सापळे लावायचे तर हेक्टरी ५, म्हणजे एकरी २ सापळे पुरतात. मोठ्या प्रमाणात नर पतंग पकडण्यासाठी हेच प्रमाण हेक्टरी २० पर्यंत, म्हणजे एकरी ८ सापळ्यांपर्यंत जाते. पाच एकर कापूस असलेल्या शेतकऱ्याची गरज त्यामुळे १० ल्यूरवरून एकदम ४० वर जाऊ शकते. हा बदल हळूहळू होत नाही. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ पतंग सापडले की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे मानले जाते. गावात ही बातमी फिरली की त्या आठवड्यात सर्वांची मागणी एकाच वेळी वाढते. शिवाय लावलेले ल्यूर साधारण तीन ते चार आठवड्यांनी बदलावे लागतात. एका आठवड्यातील मोठी मागणी त्यामुळे महिनाभराने पुन्हा डोके वर काढते.

अशा हलत्या मागणीसाठी सरासरी खपाएवढा माल ठेवणे पुरेसे नसते. माल मागवल्यापासून तो हाती पडेपर्यंतच्या काळात सरासरीपेक्षा जास्त मागणी आली तर ती भागवण्यासाठी ठेवलेला जादा माल म्हणजे सुरक्षा साठा. तो किती असावा हे सरासरी मागणीवर नव्हे, तर मागणी सरासरीच्या भोवती किती हलते यावर ठरते. या हलण्याचे माप म्हणजे प्रमाण विचलन.

समजा, एका जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातून माल मागवल्यापासून तो येईपर्यंत दोन आठवडे लागतात. या दोन आठवड्यांत प्रत्येक तालुक्याची सरासरी मागणी १,००० ल्यूर आणि तिचे प्रमाण विचलन ३०० ल्यूर आहे. शंभरपैकी पंच्याण्णव वेळा माल कमी पडू नये अशी अपेक्षा असेल, तर प्रमाण विचलनाच्या १.६५ पट सुरक्षा साठा ठेवावा लागतो. तो येतो ४९५ ल्यूर. नऊ तालुक्यांचा मिळून ४,४५५.

आता हीच नऊ तालुक्यांची मागणी एका गोदामातून भागवायची आहे. सरासरी मागणी अर्थातच ९,००० होईल. पण विचलन २,७०० होणार नाही. ते होईल ९००. सुरक्षा साठा ९०० च्या १.६५ पट, म्हणजे १,४८५. पूर्वीच्या नेमका एक-तृतीयांश.

वर्गमूळ कोठून आले

दोनच तालुके घेऊन हे तपासता येते. प्रत्येक तालुक्यात मागणी एकतर ७०० किंवा १,३०० असते आणि दोन्हींची शक्यता सारखी आहे, असे समजू. सरासरी १,००० आणि प्रमाण विचलन ३००. दोन्ही तालुक्यांची मागणी परस्परांपासून स्वतंत्र असेल तर चार शक्यता निर्माण होतात: दोन्हीकडे कमी, पहिल्यात कमी व दुसऱ्यात जास्त, पहिल्यात जास्त व दुसऱ्यात कमी, आणि दोन्हीकडे जास्त. एकत्रित मागणी अनुक्रमे १,४००, २,०००, २,००० आणि २,६००. चारपैकी दोन वेळा ती बरोबर सरासरीवर येते, कारण एकाची वाढ दुसऱ्याच्या घटीने भरून निघते. विचलनाचा हिशेब केला तर तो ६०० न येता सुमारे ४२४ येतो. ४२४ म्हणजे ३०० गुणिले दोनाचे वर्गमूळ.

यामागील कारण असे की स्वतंत्र मागण्या एकत्र आल्या की त्यांच्या विचलनांची नव्हे, तर विचलनांच्या वर्गांची बेरीज होते. सारख्या विचलनाची ‘न’ ठिकाणे एकत्र केली तर वर्गांची बेरीज ‘न’ पट होते आणि वर्गमूळ घेतल्यावर विचलन फक्त √न पट वाढते. वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेला सुरक्षा साठा मात्र ‘न’ पटच असतो. नऊ आणि तीन यांच्यातील फरक हीच बचत होय.

कीड सर्वेक्षण करणाऱ्यांना हा नियम वेगळ्या रूपात परिचित आहे. एका झाडावरील किडींची संख्या भरवशाची नसते, वीस झाडांची सरासरी बऱ्यापैकी स्थिर असते, आणि ही स्थिरता झाडांच्या संख्येच्या वर्गमूळानेच वाढते. एकाच कोपऱ्यातील वीस झाडे घेतली तर तीच सरासरी फसवी ठरते, हेही सर्वेक्षकांना ठाऊक असते. गोदामाच्या बाबतीत नेमकी हीच अडचण पुढे येते.

त्याआधी एका बारकाव्याची नोंद घ्यायला हवी. नऊ स्वतंत्र केंद्रांपैकी प्रत्येकाला ९५ टक्के हमी असली तरी नऊही केंद्रांत एकाच वेळी माल पुरण्याची शक्यता ०.९५ चा नववा घात, म्हणजे सुमारे ६३ टक्केच असते. प्रत्येक तीनपैकी एकाहून अधिक फेऱ्यांत कोठे ना कोठे तुटवडा जाणवणारच, आणि तोही ४,४५५ ल्यूरचा सुरक्षा साठा जिल्ह्यात असताना. लेखाच्या आरंभी सांगितलेला विरोधाभास हा कोणाच्या निष्काळजीपणाचा परिणाम असेलच असे नाही; विखुरलेल्या साठ्याचे ते गणित आहे.

काय घटते आणि काय घटत नाही

हा नियम ऐकून ‘एकूण साठा एक-तृतीयांश झाला’ असा निष्कर्ष काढला जातो आणि अंदाजपत्रकात तसे लिहिलेही जाते. तो चुकीचा आहे. शेतकऱ्यांना लागणारे ल्यूर तेवढेच राहतात. जिल्ह्याने एका वेळी ९,००० ल्यूर मागवले तर नेहमीच्या खपासाठी सरासरी त्याच्या निम्मे, म्हणजे ४,५०० ल्यूर हाताशी असतात. हा चालू साठा गोदाम एक असो वा नऊ, तेवढ्याच प्रमाणात मागवला तर बदलत नाही. एकूण सरासरी साठा पूर्वी ४,५०० अधिक ४,४५५, म्हणजे ८,९५५ होता. आता ४,५०० अधिक १,४८५, म्हणजे ५,९८५ झाला. घट एक-तृतीयांशाची आहे, दोन-तृतीयांशाची नाही.

तरीही जी घट होते ती महत्त्वाच्या जागी होते. चालू साठा हंगामात खपून जातो. हंगामाच्या शेवटी शिल्लक राहतो तो मुख्यतः सुरक्षा साठा. ल्यूर बंद पाकिटात व थंड जागी ठेवावे लागतात. ट्रायकोडर्मा, मेटाऱ्हायझियम यांसारख्या जैविक कीडनाशकांची साठवण-मुदत मर्यादित असते आणि उन्हाळ्यातील पत्र्याच्या खोलीत ती आणखी आखडते. जी वस्तू पुढील वर्षापर्यंत टिकत नाही तिच्या बाबतीत सुरक्षा साठा म्हणजे जवळजवळ ठरलेला तोटा. तो ४,४५५ वरून १,४८५ वर आणणे हा एकत्रीकरणाचा खरा लाभ होय.

दुसरी मर्यादा तालुक्यांच्या आकाराची. वरील उदाहरणात नऊही तालुके सारखे होते. प्रत्यक्षात एका तालुक्यात कापसाचे प्रचंड क्षेत्र आणि उरलेल्यांत थोडे, असे चित्र असते. एका तालुक्याचे विचलन ८०० आणि इतर आठांचे प्रत्येकी १०० असेल, तर विचलनांची बेरीज १,६०० होते आणि एकत्रित विचलन सुमारे ८४९. म्हणजे सुरक्षा साठा एक-तृतीयांशावर न येता निम्म्याच्या किंचित वरच थांबतो. मोठ्या तालुक्याची अस्थिरता झाकण्याची ताकद लहान तालुक्यांत नसते. अशा जिल्ह्यात ‘नऊचे वर्गमूळ’ हा आकडा वापरूच नये.

पाऊस सर्वांवर एकाच वेळी पडतो

वर्गमूळाच्या नियमाची सर्वांत मोठी अट म्हणजे मागण्यांचे परस्परांपासून स्वातंत्र्य. एका तालुक्यात मागणी वाढली म्हणून शेजारच्या तालुक्यात ती वाढण्याची शक्यता वाढता कामा नये. साबणाच्या विक्रीत हे बऱ्याच अंशी खरे असेल. किडीच्या बाबतीत ते सहसा खरे नसते.

परिसंस्थाशास्त्रात याला जुना आधार आहे. ऑस्ट्रेलियन सांख्यिकीतज्ज्ञ पी. ए. पी. मोरन यांनी १९५३ मध्ये कॅनडातील लिंक्स या रानमांजराच्या नोंदींचा अभ्यास करताना दाखवले की, एकमेकींपासून दूर राहणाऱ्या दोन प्राणिसमूहांची वाढ-घट सारख्याच नियमांनी चालत असेल, तर त्यांच्या संख्येतील सहसंबंध हा त्यांच्यावर परिणाम करणाऱ्या हवामानातील सहसंबंधाएवढा असतो. प्राण्यांची एका ठिकाणाहून दुसरीकडे ये-जा होण्याचीही त्यासाठी गरज नसते. कीटकांना हा ‘मोरन परिणाम’ विशेष लागू पडतो, कारण त्यांची वाढ तापमान, आर्द्रता आणि पिकाची अवस्था यांना घट्ट बांधलेली असते. एका जिल्ह्यातील तालुक्यांत पाऊस साधारण एकाच आठवड्यात येतो, पेरणी एकाच पंधरवड्यात होते, पात्या आणि बोंडे एकाच सुमारास लागतात. साहजिकच पतंगांची लाटही जवळजवळ एकाच वेळी उठते.

हा सहसंबंध हिशेबात घेतला की चित्र बदलते. सारख्या नऊ तालुक्यांच्या मागणीत कोणत्याही दोघांमधील सहसंबंध गुणांक शून्य असेल तर सुरक्षा साठा १,४८५, हे वर पाहिले. गुणांक ०.२५ असेल तर तो सुमारे २,५७२ होतो. ०.५ असेल तर सुमारे ३,३२०. आणि गुणांक १ असेल, म्हणजे सर्व तालुके अगदी एका तालावर हलत असतील, तर ४,४५५; एकत्रीकरणाने एक ल्यूरही वाचत नाही. शिवाय ०.५ सहसंबंध असताना कितीही तालुके जोडत गेले तरी सुरक्षा साठा मूळच्या सुमारे ७१ टक्क्यांच्या खाली उतरत नाही. नऊ तालुक्यांतच तो ७५ टक्क्यांच्या जवळ आलेला असतो. त्यापुढे आणखी दहा तालुके जोडण्याची धडपड व्यर्थ ठरते.

यावरून एक व्यावहारिक दिशा मिळते. गोदामाखाली किती तालुके आहेत यापेक्षा ते एकमेकांपासून किती भिन्न आहेत याला अधिक महत्त्व आहे. खानदेशातील बागायती, मान्सूनपूर्व लागवडीचा कापूस आणि यवतमाळकडील कोरडवाहू कापूस यांच्या अवस्थांत काही आठवड्यांचे अंतर पडते. उत्तर भारतात पंजाब, हरियाणा आणि राजस्थानच्या सिंचित पट्ट्यात कापसाची पेरणी एप्रिल-मे महिन्यांत होते. मध्य भारतात ती मुख्यतः मान्सूनच्या पावसावर, जूनमध्ये सुरू होते. गुलाबी बोंडअळी आता या दोन्ही विभागांची समस्या आहे. अशा भिन्न पट्ट्यांसाठी सामाईक राखीव साठा ठेवणे हे एकाच जिल्ह्याच्या शेजारी-शेजारी तालुक्यांसाठी ठेवण्यापेक्षा गणिती दृष्टीने अधिक फलदायी आहे, जरी वाहतुकीच्या दृष्टीने ते अधिक कठीण असले तरी.

भिन्नता पिकांमधूनही मिळते. गुलाबी बोंडअळीचा ल्यूर दुसऱ्या कोणत्याही पिकाच्या कामाचा नाही. घाटेअळीचा, म्हणजेच कापसावरील अमेरिकन बोंडअळीचा ल्यूर मात्र कापूस, तूर, हरभरा आणि टोमॅटो या सर्वांत वापरता येतो आणि या पिकांची निकड वेगवेगळ्या महिन्यांत येते. एकाच गोदामातील दोन वस्तूंपैकी घाटेअळीच्या ल्यूरला एकत्रीकरणाचा लाभ अधिक मिळेल, असे म्हणायला हरकत नाही.

सहसंबंधाबाबत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. सामान्य वर्षांच्या नोंदींवरून काढलेला गुणांक उद्रेकाच्या वर्षी टिकत नाही. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने एकाच वेळी अनेक जिल्ह्यांत नुकसान केले. अशा वर्षी सर्व तालुके एका तालावर हलतात, आणि सामान्य वर्षाच्या गुणांकावर बेतलेला राखीव साठा नेमका गरजेच्या वेळी अपुरा पडतो. उद्रेकासाठी लागणारी तरतूद सुरक्षा साठ्यातून होत नाही. त्यासाठी उत्पादकाशी तातडीच्या पुरवठ्याचा वेगळा करार हाच मार्ग उरतो.

शेतापर्यंतचे शेवटचे दोन दिवस

आतापर्यंतच्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली गेली: जिल्ह्याच्या गोदामातील ल्यूर शेतकऱ्याला मागताक्षणी मिळतो. प्रत्यक्षात तो तालुक्यापर्यंत यायला वेळ लागतो. पतंगांचा जोर वाढल्यावर आठवडाभराने आलेला ल्यूर उपयोगाचा नाही, कारण तोपर्यंत माद्यांनी अंडी घातलेली असतात आणि बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत सापळाही पोहोचत नाही, फवारणीही नीट पोहोचत नाही. म्हणून तालुक्यातही थोडा साठा ठेवावाच लागतो.

किती, हे त्या वाटेतील दिवसांवर ठरते, आणि येथेही वर्गमूळ येते. या वेळी काळाचे. दोन आठवड्यांचे विचलन ३०० असेल तर दोन दिवसांचे विचलन ३०० गुणिले √(२/१४), म्हणजे सुमारे ११३. (रोजची मागणी आदल्या दिवसापासून स्वतंत्र आहे असे येथे धरले आहे.) तालुक्याचा सुरक्षा साठा त्यामुळे सुमारे १८७ ल्यूर. नऊ तालुक्यांचा १,६८३ आणि जिल्हा गोदामाचा १,४८५ मिळून ३,१६८. मूळ ४,४५५ च्या तुलनेत बचत दोन-तृतीयांश उरत नाही. ती सुमारे २९ टक्क्यांवर येते. गाडी रोज फिरत असेल आणि माल एका दिवसात पोहोचत असेल, तर तालुक्याचा साठा प्रत्येकी सुमारे १३२ वर येतो आणि एकूण बचत ४० टक्क्यांपर्यंत जाते.

आता दोन्ही मर्यादा एकत्र पाहू. तालुक्यांमधील सहसंबंध ०.५ आणि वाहतुकीला दोन दिवस, अशी स्थिती असेल तर जिल्ह्यात ३,३२० आणि तालुक्यांत १,६८३, एकूण ५,००३ ल्यूर सुरक्षा साठा लागतो. नऊ वेगवेगळ्या केंद्रांना लागत होता त्यापेक्षा हा जास्त आहे. दोन्ही पातळ्यांवर स्वतंत्रपणे ९५ टक्के हमी धरल्यामुळे हा हिशेब थोडा सैल आहे हे मान्य केले, तरी निष्कर्ष बदलत नाही. शेजारच्या तालुक्यांची मागणी एकत्र हलत असेल आणि गाडी आठवड्यातून दोन-तीनदाच फिरत असेल, तर मोठे गोदाम बांधून काही साधत नाही. सहसंबंध ०.२५ असता एकूण साठा सुमारे ४,२५५ येतो. म्हणजे बचत नाममात्र. अशा ठिकाणी गोदामाच्या बांधकामाऐवजी एक लहान मालवाहू गाडी आणि तिचे ठरलेले रोजचे वेळापत्रक यांवर खर्च केलेला बरा.

एक मधला मार्गही आहे. साठा तालुक्यांतच राहू द्यावा, पण त्याची नोंदवही एक असावी आणि ज्याला कमी पडेल त्याला शेजारच्या केंद्रातून एका दिवसात माल मिळावा. गणिताच्या दृष्टीने माल कोणत्या छताखाली आहे याला महत्त्व नसते. तो सर्वांसाठी खुला आहे की नाही एवढेच पाहिले जाते. ही व्यवस्था मोडते ती मनुष्यस्वभावामुळे. ‘पुढच्या आठवड्यात आपल्यालाच लागेल’ या भीतीने केंद्रचालक हातातील माल कमी दाखवतात, आणि कागदावर एकत्र असलेला साठा प्रत्यक्षात पुन्हा नऊ तुकड्यांत विभागला जातो. हे ओळखण्याची खूण सोपी आहे: हंगामाच्या मध्यावर तुटवड्याची तक्रार करणाऱ्या जिल्ह्यात हंगामाअखेर अनेक केंद्रांतून ‘अचानक’ शिल्लक निघते.

एका छताखालची जोखीम

साठा एका ठिकाणी आला की मागणीची जोखीम विभागली जाते, पण नुकसानीची जोखीम एकवटते. शीतपेटीचा वीजपुरवठा दोन दिवस खंडित झाला किंवा पुराचे पाणी शिरले तर एका तालुक्याचा नव्हे, संपूर्ण जिल्ह्याचा माल जातो. ल्यूरच्या बाबतीत आणखी एक प्रश्न येतो. मोठ्या गोदामात गुलाबी बोंडअळी, घाटेअळी, लष्करी अळी, वांग्यावरील शेंडे व फळे पोखरणारी अळी अशा अनेक किडींचे ल्यूर शेजारी-शेजारी ठेवले जातात. पाकिटे फाटकी असतील किंवा एकाच हाताने सर्व हाताळले जात असतील तर गंधांची सरमिसळ होते. नंतर सापळ्यात पतंग न येण्याचे कारण शेतात शोधले जाते, गोदामात नाही. किडीनुसार वेगळे, घट्ट झाकणाचे डबे आणि हातमोजे यांचा खर्च किरकोळ आहे.

ट्रायकोकार्डचे गणित तर निराळेच आहे. परोपजीवीकरण झालेल्या अंड्यांतून साधारण आठवडाभरात प्रौढ बाहेर पडतात; थंडाव्यात ठेवून हा काळ काही दिवस लांबवता येतो, पण प्रौढ निघण्याचे प्रमाण घटते. तयार कार्डांचा सुरक्षा साठा ही कल्पनाच तेथे फारशी टिकत नाही. राखीव ठेवायची ती तांदळावरील पतंगाची, म्हणजे कॉर्सायराची अंडी आणि ट्रायकोग्रामाचे मातृसंवर्धन. त्यामुळे एकत्रीकरण करायचेच तर ते गोदामाचे नव्हे, प्रयोगशाळेचे करावे आणि मागणी आल्यावरच कार्डे तयार करून पाठवावीत.

आपल्या नोंदींवरून कसे तपासावे

सहसंबंध गुणांक काढण्याची किचकट कसरत न करताही निर्णय घेता येतो. मागील तीन हंगामांतील प्रत्येक तालुक्याची आठवडेवार मागणी एका तक्त्यात मांडावी: प्रत्येक तालुक्यासाठी एक स्तंभ आणि शेवटी जिल्ह्याच्या बेरजेचा एक स्तंभ. मग प्रत्येक स्तंभाचे प्रमाण विचलन काढावे. तक्त्यात पहिला तालुका B स्तंभात आणि ५४ आठवड्यांच्या नोंदी असतील तर सूत्र असे:

```
=STDEV.S(B2:B55)
```

जिल्हा स्तंभाचे विचलन भागिले सर्व तालुक्यांच्या विचलनांची बेरीज, हे गुणोत्तर म्हणजे एकत्रीकरणानंतर गोदामात उरणाऱ्या सुरक्षा साठ्याचा अंश. नऊ सारख्या व स्वतंत्र तालुक्यांत तो ०.३३ च्या जवळ येईल. तो ०.७५ किंवा त्याहून अधिक आला तर वाहतुकीचे दिवस जमेस धरल्यावर फारसे काही वाचणार नाही, असे समजावे. तालुक्यांच्या आकारातील विषमता आणि सहसंबंध हे दोन्ही दोष या एकाच आकड्यात आपोआप उतरतात.

यात दोन चुका नेहमी होतात. पहिली, हंगामी चढ-उतार तसेच ठेवून विचलन काढणे. जुलैत मागणी कमी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जास्त असते हे आधीच माहीत असते. त्यासाठी सुरक्षा साठा लागत नाही, नियोजन लागते. हा सर्व तालुक्यांना सामाईक असलेला चढ-उतार वजा केला नाही तर विचलन फुगते आणि सहसंबंधही खोटा वाढलेला दिसतो. प्रत्येक आठवड्याची त्या तालुक्यातील तीन वर्षांची सरासरी काढून प्रत्यक्ष मागणीतून ती वजा करावी, आणि उरलेल्या फरकांवर वरील सूत्र चालवावे. तीन वर्षांच्या सरासरीत त्याच वर्षाचा आकडाही मिसळलेला असल्याने हे फरक खऱ्यापेक्षा थोडे लहान दिसतात. पण ही घट सर्व स्तंभांत सारखीच असल्याने गुणोत्तराला फारसा धक्का लागत नाही. सुरक्षा साठ्याचा प्रत्यक्ष आकडा ठरवताना मात्र विचलन थोडे वाढवून घ्यावे. त्या वेळी हेही ध्यानात असावे की हे विचलन एका आठवड्याचे आहे. माल यायला दोन आठवडे लागत असतील तर त्याला दोनाच्या वर्गमूळाने गुणावे.

दुसरी चूक अधिक खोल आहे. केंद्राच्या वहीत विक्रीची नोंद असते, मागणीची नसते. ज्या आठवड्यात माल संपला होता त्या आठवड्यात वहीत शून्य किंवा किरकोळ आकडा दिसतो, आणि प्रत्यक्षात तोच सर्वाधिक मागणीचा आठवडा असतो. अशा नोंदींवरून काढलेले विचलन वास्तवाशी विसंगत ठरते. त्यामुळे विक्रीच्या वहीशेजारी आणखी एक रकाना आखावा आणि ‘मागितले पण मिळाले नाही’ ही संख्या रोज संध्याकाळी भरावी. क्रॉपसॅपसारख्या कीड सर्वेक्षण प्रकल्पातील आठवडेवार नोंदी उपलब्ध असतील तर त्यांच्याशी हे आकडे ताडून पाहता येतात: सापळ्यांतील पतंग वाढलेले आणि त्याच आठवड्यात ल्यूरची विक्री घटलेली दिसली, तर तेथे मागणी घटलेली नसून माल संपलेला होता, असेच बहुधा निघते.